तीन किलो आठशे ग्रॅम

गेल्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला, मी फोनवरून तीन हजार सातशे चाळीस रुपये पाठवले. चहाचे चौदाशे नव्वद, गोळ्यांचे बावीसशे पन्नास. आमच्या मेहरूणच्या घरात तेव्हा तिघं हजर होतो. मी, माझी मुलगी आणि माझी बायको. बायको म्हणाली, "आज करीचा दिवस आहे, आज काही विकत घेऊ नका." मी म्हटलं, आज घेतलं तर दोनशे रुपये सूट आहे. उद्या नाही.

मुलगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पोलीस भरतीचा अर्ज तिने धुळ्याला भरला होता आणि मैदानी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. आमच्या प्रवर्गाला वयाची मर्यादा अठ्ठावीस. म्हणजे ही संधी गेली तर पुढची जाहिरात वेळेत निघेलच असं नव्हतं. आठशे मीटर धावायला तिला तीन मिनिटं पाच सेकंद लागत. पंधरा सेकंद तरी कमी करायचे होते. तिचं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम होतं, आणि तिने फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला होता. एकवीस दिवसांत आठ किलो. सकाळी उपाशीपोटी शरीर साफ करणारा चहा, दोन वेळा चरबी जाळणाऱ्या गोळ्या, दिवसभर काकडी, ताक आणि सूप. भाकरी, पोळी, भात बंद.

तिचा हिशेब सरळ होता. "पप्पा, आठ किलोचं पोतं पाठीवर घेऊन धावतेय मी. ते उतरवलं की पंधरा सेकंद कुठेच गेले नाहीत."

मला तो हिशेब पटला. मी स्वतः तो तपासला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मी एका जिनिंग मिलमध्ये कापूस घेण्याच्या कामावर आहे. ट्रॅक्टर आला की काट्यावर वजन होतं आणि मग मी ट्रॉलीत चढून हात कोपरापर्यंत आत घालून तळाचा कापूस काढतो, कारण वरचा कापूस नेहमी चांगलाच असतो. त्याचा ओलावा यंत्रावर मोजतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. रात्री पाणी मारून आणलेला कापूस मी हाताने ओळखतो. बावीस वर्षं हेच करतोय. काट्यावरचा आकडा म्हणजे माल नव्हे, हे मी रोज दहा जणांना सांगतो आणि त्यांच्या शिव्या खातो.

पाकीट चौथ्या दिवशी आलं. मी भिंतीवर एक कागद चिकटवला आणि रोज सकाळी तिचं वजन लिहायला लागलो. पहिल्या दोन दिवसांतच दीड किलो उतरलं. ती दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जायची. पाकिटावर लिहिलं होतं की घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. आठ दिवसांनी काटा सत्तावन्न किलो सहाशेवर आला. तीन किलो आठशे ग्रॅम. मी त्या आकड्याखाली लाल रेघ मारली आणि मिलमध्ये दोघांना सांगितलंही.

बायकोने कळण्याच्या भाकरी करून पाहिल्या, वरण-बट्टी करून पाहिली. मुलगी ताटाकडे बघायची आणि उठून जायची. रात्री झोप येत नव्हती, हात थरथरायचे. बायको मला म्हणाली, "तुम्ही वजन लिहिता, तसं ती काय खाते तेही लिहा की. कागद कोराच राहील." मी म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

दुसरा आकडाही माझ्याकडे येत होता. मैदानावर महिना सातशे रुपयांत मुलींना पळवणारे कोच शिरपूरकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी सगळ्या पालकांना वेळ कळवायचे. तिचे तीन-पाच होते, ते तीन-बारा झाले, मग तीन-सव्वीस. मी ते वाचायचो आणि समजूत घालून घ्यायचो की शरीर बदलतंय, थोडा थकवा असणारच. वजन कमी होत होतं ना. ते मी लिहिलं. वेळ लिहिली नाही. रोज दोन आकडे हातात होते आणि मी माझ्या आवडीचा एकच कागदावर घेतला.

शेवटी कोच मिलच्या फाटकावर येऊन मला भेटले. एरवी ते शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी चिडून अहिराणीवर आले होते. "भाऊ, पोर बारीक व्हयनी, पन पायमा दम नही शे. काय खावाडी राहिनात तिले?" मी चहा आणि गोळ्यांचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की आज बंद करा, भाकरी सुरू करा, अजून आठ दिवस आहेत. मी घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, कोर्स अर्धवट सोडला तर वजन दुप्पट वाढतं असं त्या बाईने सांगितलंय. मी आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर कागदावरचा आकडा पुन्हा वर जाताना मलाही बघायचा नव्हता.

धुळ्याला आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. पालकांना मैदानात घेत नाहीत. कुंपणाच्या जाळीतून एक वळण तेवढं दिसत होतं. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ती तिसरी होती. दुसऱ्या फेरीत त्या वळणावर सगळ्या मुली आल्या आणि ती आली नाही. मग आली, एक पाय ओढत, पोटरी हाताने धरून. चालत तिने रेघ ओलांडली. चार मिनिटं आणि काही सेकंद. ते काही सेकंद किती, ते मी आजवर तिला विचारलेलं नाही. मैदानीत निम्मे गुण लागतात. तिला ते मिळाले नाहीत.

फाटकाबाहेर आली तेव्हा तिची छाती इतकी धडधडत होती की कुडत्यावरून दिसत होतं. रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम कमी झालं होतं. काय घेतेस, असं त्यांनी तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पाकिटं माझ्याच पिशवीत होती.

बाईंनी चहाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. "ही सोनामुखी आहे. जुलाबाची. तुमच्या घरातही कोणीतरी बद्धकोष्ठाला घेतलं असेल. अन्नातलं जे अंगी लागायचं ते वरच्या आतड्यात आधीच लागून जातं. ही काम करते शेवटच्या आतड्यात. तिथून जातं ते पाणी आणि क्षार. चरबी तिथे नसतेच." रक्तातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं असतात, त्यांना चहाची गरज नाही, असंही त्या म्हणाल्या. गोळ्यांत कॅफीन होतं, ग्रीन टीचा अर्क होता, आणि पुढे नुसतं 'विशेष मिश्रण' लिहिलं होतं. कशाचं, किती, काही नाही. "अशा गोळ्यांत कधीकधी न लिहिलेली औषधंही सापडतात. यात काय आहे ते मला सांगता येणार नाही, कारण विकणाऱ्यानेच सांगितलेलं नाही."

मी विचारलं, पण वजन तर खरंच उतरलं होतं, आठ दिवसांत तीन किलो आठशे.

"एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी असतात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच गुणा."

मी तिथेच बाकावर बसून गुणलं. तीन पूर्णांक आठ गुणिले सात हजार सातशे, भागिले आठ. रोज साडेतीन हजारांच्या वर तूट पाहिजे. त्यांना विचारलं, ही पोरगी धावून-बिवून दिवसाला किती खर्च करते? म्हणाल्या, बावीसशेच्या आसपास. म्हणजे तिने आठ दिवस पाण्याचा थेंबही घेतला नसता, घासही खाल्ला नसता, तरी तो आकडा चरबीतून निघत नव्हता. ती सहाशेच्या आसपास खात होती. फार तर पावणेदोन किलो, आणि त्यातही स्नायू गेलेले. बाकीचं दोन किलो पाणी. बाईंनी समजावलं की स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि तो पाणी धरून राहतो. भाकरी बंद केली की आधी तो साठा संपतो आणि त्याबरोबर पाणी उतरतं. पळायला लागतो तोच साठा.

मी ओलाव्यावर लाल रेघ मारली होती. दुसऱ्याच्या ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालणारा मी.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पारोळा गेल्यावर तिने फोन काढला आणि तोच व्हिडिओ लावून माझ्यापुढे धरला. "बघा, पप्पा. आधीच्या फोटोत पोट सोडलंय, नंतरच्यात आत ओढलंय. आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघा." दोन्ही फोटोंत एकाच महिन्याचं पान होतं. खाली एक कोड होता. तो टाकून घेतलं की सूट मिळायची, आणि त्यातूनच त्या बाईला कमिशन. आम्हीही तोच टाकला होता. नावं ठेवणारी एकही प्रतिक्रिया नव्हती. ज्यांचं काही झालं नाही ते कशाला व्हिडिओ करतील, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. मला बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, मलाही.

घरी आल्यावर तिने भाकरी खाल्ली. दोन आठवड्यांत वजन साठच्या वर गेलं. अर्थात गेलं. पाणी परत आलं. विकणाऱ्याला मी पाच वेळा फोन केला. सहाव्यांदा एका मुलाने उचलला. म्हणाला, परिणाम व्यक्तीनुसार बदलतात, दुसरा कोर्स निम्म्या किमतीत देतो. मी भिंतीवरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंग निघाला.

ती पुन्हा मैदानावर जायला लागली. कोचांनी तिला काही ऐकवलं नाही. पोटभर जेवण, दूध, अंडी, रात्रीची झोप, आणि आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवणं. वजन करायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. चैत्रात ती तीन मिनिटांवर आली. वैशाखात दोन-बावन्न. वजन किती होतं ते कोणालाच माहीत नाही. जवळपास तोच वेग तिला त्या सकाळी धुळ्यात लागत होता. त्या तीन आठवड्यांत तो आला असता की नाही, ते मला सांगता येत नाही. निदान पायातला दम तरी राहिला असता.

आम्ही रोज जाहिरातीची वाट पाहिली. जाहिरात निघाली नाही. आषाढात तिला अठ्ठावीस पूर्ण झाली. बायकोने औक्षण केलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, चेहरा असा करू नका. पैसे तुम्ही दिलेत, गोळ्या मी खाल्ल्यात." मला तेवढ्याने सुटल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी मैदानावर गेली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. महिना संपल्यावर मीच तिकडे गेलो. कोच म्हणाले, वय झालं भाऊ, आता हिची कसली फी? मी म्हटलं, ती पळतेय ना. आषाढाचे सातशे रुपये मी त्यांच्या हातात दिले.