आमच्या लेखननियमांतलं सातवं कलम

कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाने आमचे चार अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि विचारलं, "तुमचं मंडळ एक आहे की चार?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला राग आला. दुष्काळात मदत करणारं आमचं एकच मंडळ, नगरला त्याची एक खोली, आणि कर्जतपासून इकडे चार ठिकाणी केंद्रं. केंद्रावरचा माणूस दुष्काळातल्या सरकारी कामांवर फिरायचा, दिसेल ते लिहायचा आणि परस्पर कचेरीत धाडायचा. एका अर्जावर आम्ही 'मदत समिती' होतो, दुसऱ्यावर 'दुष्काळ निवारण मंडळ'. एकाने तारखेऐवजी तिथी घातली होती. मिरजगावच्या दुकानदाराने नक्की काय हवंय ते मागच्या पानावर, कोपऱ्यात लिहिलं होतं. चौथा अर्ज माझा होता. त्यात मागणी कुठेच नव्हती, 'जाहीर धिक्कार' मात्र दोनदा होता.

आमचे चिटणीस तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सगळ्यांनी एकसारखं लिहावं असे नियम करा. छोटी पुस्तिका. तुम्हीच करा."

"मीच का?"

"सगळ्यात वाईट अर्ज तुमचा आहे म्हणून."

मी तोवर फक्त पत्रकं लिहिली होती. पत्रकात पहिल्या ओळीत समोरच्याची कॉलर धरायची, एवढंच मला ठाऊक. आता मला नियम करायचे होते: मंडळाचं नाव नोंदणीत आहे तेच आणि तेवढंच. तारीख इंग्रजी महिन्याची. विषय एका ओळीत. पहिल्या परिच्छेदात मागणी. गावाच्या नावापुढे तालुका. एका गोष्टीला एकच शब्द. वर 'काम' म्हटलं तर खाली 'साईट' म्हणायचं नाही. चौथं कलम माझं लाडकं: पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहावं, पाहिलेलं आधी. विशेषणं काढायची हे कलम चिटणिसांचं. ते मी दात-ओठ खात लिहिलं.

'दुष्काळ' या शब्दावरून आमची चांगलीच जुंपली. ते म्हणाले, "सरकारदरबारी आता दुष्काळ नाही, टंचाई आहे. टंचाई लिहा, कागद टंचाईच्या टेबलावर जाईल. दुष्काळ लिहिलात तर कुठल्या टेबलावर जाईल ते मला विचारू नका."

"विहिरी कोरड्या पडल्यात, आणि आम्ही टंचाई म्हणायचं?"

"घरी दुष्काळ म्हणा. बायकोपुढे म्हणा."

"बायको नाही मला."

"तीही टंचाईच," चिटणीस म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

शेवटी ठरलं की मागणीत टंचाई, आणि लोकांचं बोलणं देताना ते म्हणतील तो शब्द. मला ती तडजोड तेव्हाही पटली नव्हती.

सातवं कलम सहीचं. मी लिहिलं होतं: ज्याने पाहिलं त्याने पूर्ण नाव लिहून सही करावी. त्यावर वाद होईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मसुदा वाचायला केंद्रांवरची माणसं नगरला आली. मिरजगावचा दुकानदार म्हणाला, "आमाला काय, अंगठा द्या म्हनला तरी देतो. पन ह्ये कलम चारचं लई बेस हाय. आमच्याकडं ऐकलेलंच जास्ती असतंय." सगळे हसले. कर्जतकडचे गुरुजी हसले नाहीत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि आमच्याकडे आलेल्या टिपणांत त्यांचं टिपण सगळ्यांत चांगलं असायचं.

गुरुजी म्हणाले, "सातवं मला जमणार नाही."

"का?"

"मी नोकर माणूस. रस्त्याचं काम सरकारी. मी त्याविरुद्ध सहीनिशी लिहिलं तर बदली तरी होईल, नाहीतर निलंबन. शेत यंदा पडीक आहे. घरात पगार एकच, आणि खाणारी तोंडं भावाच्या घरातलीही."

मी फटकन बोललो, "गुरुजी, सही नसेल तर ते निनावी पत्र झालं. निनावी पत्र आपणसुद्धा टोपलीत टाकतो."

"तुमच्या पत्रकाखाली तुमचं नाव असतं, खरंय. पण तुम्हाला काढणार कोण? कुठल्या नोकरीवरून काढणार?"

तरी मी भ्याडपणा हा शब्द वापरलाच. गुरुजींनी तो ऐकला आणि पुस्तिकेचा मसुदा नीट घडी घालून पिशवीत ठेवला.

मार्ग चिटणिसांनी काढला, सातवं कलमच नव्याने लिहून. केंद्रावरच्या माणसाने टिपण सहीनिशी मंडळाला द्यावं. ते कार्यालयात राहील. बाहेर जाणारा कागद मंडळाने नव्याने लिहावा, आणि त्यावर सही फक्त चिटणिसांची. म्हणजे कागदाला धनी असेल आणि लिहिणारा दिसणार नाही. मग माझ्या ध्यानात आलं की या नियमांचं आता दुसरंच काम सुरू झालंय. अर्ज नीटनेटके दिसावेत म्हणून मी बसलो होतो. आता सगळे अर्ज एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटले पाहिजेत, कारण त्यावर गुरुजींची भाकरी होती. त्या नजरेने आम्ही सगळं पुन्हा तपासलं. गुरुजी 'शाळा सुटल्यावर कामावर गेलो' असं लिहायचे. ते गेलं, वेळ घड्याळाची आली. त्यांचं 'सविनय सादर करण्यात येते की' गेलं. तालुक्यात ते एकटेच तसं लिहीत. मी स्टेन्सिलवर कलमं कोरली, सायक्लोस्टाईलचं चाक फिरवलं, आणि पुस्तिका केंद्रांवर गेल्या.

पहिली कसोटी गुरुजींनीच स्वतः नगरला आणून दिलेल्या टिपणाने लागली. त्यांच्या गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्यांना प्यायचं पाणी डांबराच्या रिकाम्या पिंपांत भरून ठेवत. झाकण कापलेलं, आत डांबर तसंच चिकटलेलं, वरून ऊन. टिपणात एक वाक्य होतं: 'लहान मुले पाण्यावरचा तवंग फुंकून बाजूला करतात आणि मग पितात.'

मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, "हे वाक्य पहिल्या परिच्छेदात. यात विशेषण नाही. पाहिलेलं आहे. सगळ्या कलमांत बसतं."

गुरुजी म्हणाले, "काढा ते."

"अहो, हेच तर टिपण आहे!"

"हे मी कामावरच्या ओव्हरसियरला तोंडावर बोललोय, चारचौघांत. तो काय म्हणाला ठाऊक आहे? 'गुरुजी, फुंकायला शिकवलं कुणी, तुम्हीच ना?' सगळे हसले. हे वाक्य कागदावर दिसलं की तो माझं नाव सांगेल. सही कुणाचीही असो."

मी चिटणिसांकडे पाहिलं. त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. वाक्य काढलं, मी स्वतःच्या हाताने. कागद गेला तो असा: 'कामावर पिण्याचे पाणी डांबराच्या रिकाम्या पिंपांत साठवले जाते. पिंपे बदलून मिळावीत.' विषय, तारीख, तालुका, सही, सगळं जिथल्या तिथे. इतका निर्दोष कागद मंडळाने तोवर पाठवला नव्हता.

उत्तर आलं तेही तितकंच निर्दोष. 'सदर कामावर पिण्याच्या पाण्याची सोय करण्यात आलेली आहे.' मी ते टेबलावर आपटलं. चिटणीस म्हणाले, "स्मरणपत्र पाठवू. लागतो वेळ." स्मरणपत्र गेलं. पिंपं तिथेच. मी पुन्हा पत्रक काढायला निघालो तर चिटणिसांनी स्टेन्सिलचं खोकं कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

मग एका रविवारी गुरुजी एसटीने आले. बसले नाहीत. कामावरच्या पोरांना उलट्या होतायत, म्हणाले. पाण्यानेच की आणखी कशाने ते सांगता येत नाही, तेव्हा ते लिहू नका. "पण ते वाक्य घाला."

मी विचारलं, "नक्की?"

"पुन्हा विचारू नका. पुन्हा विचारलंत तर नाही म्हणेन."

चिटणिसांनी दुसरा अर्ज स्वतः लिहायला घेतला. वाक्य पहिल्या परिच्छेदात गेलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. सही करताना ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, एवढं मी पाहिलं.

यावेळी प्रांतसाहेब स्वतः कामावर गेले. पिंपं हलली, त्यांच्या जागी पत्र्याच्या नव्या टाक्या आल्या, तोट्यांसकट. मिरजगावचा दुकानदार मुद्दाम सांगायला आला, "आवं, पानी निवाळशंख हाय आता. तळ दिसतोय." मी तेव्हा, खोटं कशाला सांगू, नाचलो.

गुरुजींचा बदलीचा हुकूम त्यानंतर निघाला. अकोले तालुक्यात, पार डोंगरात. तो मी वाचला. विषय एका ओळीत. गावापुढे तालुका. 'प्रशासकीय सोयीसाठी'. कोणी ठरवलं, का ठरवलं, कुणाला राग आला, यातलं अक्षरही नाही. खाली एका अधिकाऱ्याची सही, ज्याने गुरुजींना आयुष्यात पाहिलं नसेल. ओव्हरसियरने नाव सांगितलं की नाही हे आम्हाला कधीच सिद्ध करता आलं नाही. तो कागद आमच्या पुस्तिकेप्रमाणे तपासला असता तर पास झाला असता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी म्हणालो, "सातवं कलम फाडून टाकतो. लपून काय मिळालं? यापुढे सगळ्यांच्या सह्या."

गुरुजी निरोप घ्यायला आले होते. म्हणाले, "कलमाला हात लावू नका. माझ्यामागे शाळेत एक बाई आहेत. त्या लिहीन म्हणतात."

"तुमची बदली होऊनही?"

"माझी बदली कलमामुळे झाली नाही. वाक्यामुळे झाली, आणि ते मी घालायला सांगितलं." मग ते जरा चिडून म्हणाले, "प्रत्येकाला तुमच्यासारखं मोकळं राहता येत नाही हो."

कलम राहिलं. पुस्तिका संपल्या होत्या म्हणून मी पुन्हा स्टेन्सिल कोरली, तेच शब्द, तोच आकडा.

पुढच्या महिन्यात बाई आल्या. डोक्यावरून पदर, हातात छत्री, पिशवीत आमची पुस्तिका. ती त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचली होती. विचारलं, "गुरुजींचं ते वाक्य कोणत्या कलमात बसलं होतं?"

"चौथ्या. पाहिलेलं."

त्यांनी मान हलवली, पिशवीतून टिपण काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. नाव बरोबर, तारीख बरोबर, गावापुढे तालुका. मजकूर एवढाच की रस्त्याचे काम चालू आहे, हजेरी नियमित घेतली जाते, पाण्याच्या टाक्या आहेत. नियमांनी तपासायला गेलं तर त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण एवढंच सांगायला कोणी नगरपर्यंत येत नाही. चिटणिसांनी ते वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

मी टिपण उपडं ठेवलं. शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "बाई, कागद राहू द्या. लिहीत नाही मी काही. काय पाहिलंत ते सांगा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग चिटणिसांकडे. ते उठले आणि दार लावून आले.