गंगाजळीतला लाभांश

त्या जिनिंग कंपनीचं ऑडिट माझ्याकडे होतं. यवतमाळहून एस.टी.नं कळंबला उतरायचं, सरकीच्या ढिगांना वळसा घालून ऑफिसात शिरायचं आणि वह्या उघडल्या की चिडायचं, हा माझा दरवर्षीचा क्रम.

त्या साली चिडायला सबळ कारण होतं. हंगाम बुडाला होता. घसारा वजा केल्यावर नफा उरत नव्हता आणि मागच्या वर्षांचाही काही शिल्लक नव्हता. तरी संचालकांनी लाभांश सुचवला. कशातून? तर कारखान्याखालच्या जमिनीची किंमत नव्यानं ठरवून फुगवली आणि ती वाढ राखीव निधीत टाकली. राखीव निधीला तिथं सगळे गंगाजळी म्हणत. त्या शब्दानंच घात केला. गंगाजळी म्हटलं की लोकांना वाटे, कुठंतरी भरलेला गडू जपून ठेवलाय.

"जमीन विकलेली नाही. कागदावर भाव चढला म्हणून वाटण्याजोगा नफा होत नाही, हे कायद्यात बसत नाही," मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग मी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. ऑडिटरच्या हातात तेवढंच असतं. पैसे अडवायचा अधिकार त्याला नाही, याचा संताप मला तेव्हा झाला तितका कधीच झाला नाही.

सभेत माझा अहवाल वाचला गेला. मंडळाचं मत वेगळं आहे, एवढंच अध्यक्ष बोलले. पुढच्या रांगेत जवळच्या तांड्याचे नाईक बसले होते. ती जमीन मूळची त्यांची. कंपनी निघाली तेव्हा जमीन देऊन त्यांनी बदल्यात शेअर घेतले होते. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. ते उठून माझ्याकडे वळले.

"साहेब, जमीन माही होती. तिचा भाव वाढला, त मले पैसे काहून नाई?"

"नाईक, तिजोरीत पैसा नाही. तुमची तीच जमीन बँकेत गहाण टाकून हे वाटणार आहेत. उद्या ती जाईल."

"लय दिवस झाले, हाती काई नाई आलं. आता कुठं भेटून राह्यलं, त तुमी कायले आडवे येता?"

हात वर झाले. त्यांचा सगळ्यांच्या आधी.

पुढच्या वर्षी कंपनीनं ऑडिटर बदलला. पुढे कळंबच्याच चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हा कारखाना बंद होता. बँकेनं तो जमिनीसकट लिलावात काढला होता. आलेली रक्कम बँकेचं कर्ज फिटायलाही पुरली नाही, भागधारकांना काय मिळणार! फाटकाशी नाईक उभे होते. मला पाहून पुढं आले, हात जोडले.

"साहेब, कंपनी त मेली. आता तरी ते गंगाजळी काढाले सांगा न."

ते टोमणा मारत नव्हते. ती कुठंतरी ठेवलेली आहे, असं त्यांना खरंच वाटत होतं.