ताप नसलेल्या दिवसाचं रक्त

आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मंडलाच्या गावी मी जनावरांचा डॉक्टर होतो. नोकरी नवी, दवाखान्यात सूक्ष्मदर्शक, त्यामुळे डोक्यात जरा जास्तच वारं. काचेखाली दिसलं तेवढंच खरं, बाकी गावगप्पा!

पावसाळा सरताना शेजारच्या गावचा टांगेवाला आपली तांबडी घोडी चालवत घेऊन आला. "खाते बराबर सायेब, पण वाळून राह्यली. मधातच ताप येते, मंग उतरते."

डोळ्यांच्या आतल्या कडा फिकट होत्या, पोटाखाली सूज होती. मला सर्राची, म्हणजे रक्तात जंतू होणाऱ्या रोगाची शंका आली. ओढ्याकाठी कच्छी मेंढपाळांचा तळ पडला होता आणि त्यांच्या उंटांशेजारीच ही घोडी चरायची. तिथे घोडमाशांचा नुसता सुळसुळाट. रक्त पिताना हुसकलेली माशी लगेच दुसऱ्या जनावराला डसते आणि तोंडाला लागलेल्या रक्तातून जंतू पोचवते. उंट हा रोग महिनोन्महिने अंगात वागवत चालत राहतो. घोड्याला तेवढी सवलत नाही.

थर्मामीटर लावलं, ताप नव्हता. मला बरंच वाटलं. कानातून रक्ताचा थेंब घेऊन पाहिला, जंतू नव्हते. रक्तवाढीचं औषध देऊन तिला परत पाठवलं. पुढे आणखी दोनदा तो तिला घेऊन आला, दोन्ही वेळा तेच. मी ठसक्यात कागदावर लिहिलं, सर्रा नाही.

चौथ्यांदा तो एकटाच आला. "उठूनच नाई राह्यली."

सूक्ष्मदर्शक घेऊन त्याच्या दारी गेलो. घोडीचं अंग भाजत होतं, मागचे पाय लुळे पडले होते. या वेळी थेंबात जंतू वळवळत होते, रक्ताच्या गोल पेशींना ढुशा देत होते. औषध जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या दिवशी आलं. घोडी त्याआधीच गेली.

"तापात असताना एकदाही काऊन नाही आणली?" मी चिडून विचारलं.

"तापात ते चालत नाई ना, सायेब. चालली त्याच रोजी आणली."

ताप चढतो तेव्हा जंतू रक्तात उसळतात, उतरला की शोधूनही सापडत नाहीत. हे पुस्तकातून मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मग घोडीच्या मागे राहिलेल्या शिंगराला ताप भरला तेव्हा मीच गेलो. जंतू सापडले, वेळेत सुई दिली. उंटांचंही रक्त तपासलं, आजारी निघाले त्यांना औषध टोचलं. तळ लांब हलवायला लावला, गोठ्यात कडुनिंबाचा धूर करायला सांगितलं. शिंगरू महिन्याभरात उड्या मारू लागलं.

ते बघून टांगेवाल्याने माझे हात धरले. "घोडीचं नशीबच तसं होतं. तुमी तं दरखेपी पाह्यलं, सायेब. तुमचा काय कसूर?"

कसूर माझाच होता. ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कधी सांगितलं नाही.