बारापट खीर

“पावणेदोन म्हटलं की ही घड्याळाकडे बघेल. इंग्लिश मीडियमची आहे.”

शेजारच्या मावशींनी हे माझ्या आईला हळू आवाजात सांगितलं होतं, पण विहाराचा हॉल रिकामा असला की तिथे हळू आवाज असं काही राहत नाही. मी दाराशी चपला काढत होते. आत सतरंजीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या आणि मध्ये एक जुनी, तेलाचे डाग पडलेली वही उघडी होती. मी काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो.

“ये गं,” मावशी म्हणाल्या, जणू काही झालंच नव्हतं. “तुझ्या आईनं सांगितलं, तू ऑफिसात दिवसभर आकडेच जुळवत असतेस. हे जरा बाराने गुणून दे.”

बुद्धपौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. आमच्या खडकीच्या विहारात त्या दिवशी वंदना झाल्यावर सगळ्यांना खीर वाटतात. बायका ती खीर दर वर्षी स्वतः करत. दीडशे माणसं असायची, पन्नास-पन्नास माणसांची तीन पातेली. मागच्या वर्षी विहाराच्या समितीने बाहेरच्या केटररला सांगितलं. त्याची खीर पाण्यासारखी होती आणि बायकांच्या जिवाला ते लागलं. या वर्षी शेजारच्या दोन वसाहतीही येणार होत्या, म्हणजे सहाशे माणसं. समिती म्हणाली, एवढं तुम्हाला झेपणार नाही. बायका म्हणाल्या, झेपेल. बरीच बाचाबाची होऊन ठरलं की यंदा बायकांनी करून दाखवावं. बिघडली तर पुढच्या वर्षीपासून कायम केटरर. ही गोष्ट आमच्या घरी जेवताना रोज निघत होती, कारण समितीत हात वर करून “आम्ही करतो” असं म्हणणारी माझी आईच होती.

वहीतली खीर पन्नास माणसांची होती. वही ज्यांची, त्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी सोलापूरकडे गेल्या होत्या आणि पौर्णिमेच्या सकाळी परतणार होत्या. मी वही घरी नेली आणि लॅपटॉपवर एक्सेल उघडलं.

पानावर दोन-तीन वेगवेगळी हस्ताक्षरं होती. मी आजही तो क्रम सांगू शकते. दूध साडेसात लिटर, म्हणजे ‘७ १/२’ असं लिहिलेलं. तांदूळ पाऊण किलो, अक्षरात. तूप ‘१/४’. काजू ‘सव्वा पाव’. बेदाणे ‘१/८’. खवा ‘०.५००’. साखर ‘१.५०’. वेलची १५ ग्रॅम. कुठे अपूर्णांक, कुठे दशांश, कुठे शब्द, कुठे नुसते ग्रॅम. एकाच खिरीत चार तऱ्हा.

मी ठरवलं, दूध लिटरमध्ये आणि बाकी सगळं किलोमध्ये, सगळं दशांशात. एक रकाना पन्नासचा आणि शेजारचा त्याच्या बारापट. दूध ७.५, बारापट ९०. तांदूळ ०.७५, बारापट ९. तूप ०.२५, बारापट ३. इथपर्यंत मजा आली. मग बेदाण्यांसाठी मी १/८ टाइप केलं आणि रकान्यात एक ऑगस्ट ही तारीख आली. मी खोडलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा एक ऑगस्ट. शेवटी एकाला आठाने स्वतः भागलं, ०.१२५ लिहिलं आणि बाराने गुणल्यावर दीड किलो आलं.

काजूंचा आकडा बघून मात्र आई हसत खालीच बसली.

“पंधरा किलो काजू? लग्न आहे का कुणाचं?”

“सव्वा म्हणजे एक पूर्णांक पंचवीस ना?”

“अगं, पण कशाचा सव्वा? सव्वा पाव. पाव किलोचा सव्वा.”

मला शाळेत वन पॉइंट टू फाइव्ह शिकवलं होतं, पण वस्तूचा पाव आणि त्या पावाचा सव्वा असं मोजता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. पाव म्हणजे ०.२५; त्याची सव्वापट ०.३१२५. बारापट केली तेव्हा पडद्यावर बरोबर ३.७५ आलं, एकही शेपूट न उरता. आई म्हणाली, “पावणेचार किलो. आता बरोबर वाटतंय.” मला एकदम खूप आनंद झाला. किल्ली फिरून कुलूप उघडल्यासारखा. मी आईला अदपाव, दीड पाव, पावणेदोन, अडीच सगळं विचारून घेतलं आणि प्रत्येकाचा दशांश कागदावर मांडला. आई भांडी घासता घासता ओरडून सांगत होती आणि मी उत्तर देत होते. आम्ही दोघी एवढं बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

साखरेची ओळ सगळ्यात सोपी होती. ती आधीच दशांशात होती. १.५० गुणिले बारा, अठरा. मी तिच्यावर दोन सेकंदही घालवले नाहीत.

पौर्णिमेच्या सकाळी विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठी पातेली चढली. प्रत्येकात पंचेचाळीस लिटर दूध. माझा छापलेला कागद खांबाला चिकटपट्टीने लावला होता आणि बायका येता-जाता तो मोठ्याने वाचत होत्या. मला लपून बसावंसं वाटत होतं आणि तरी तिथून हलवतही नव्हतं. किराणावाल्याकडून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी काजू ठेवले. आकडे धावले आणि ३.७५० वर थांबले. कुणी बघत नव्हतं, म्हणून मी हसून घेतलं.

तांदूळ तुपावर परतून दुधात गेला. वास पार रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण मुलं कुंपणाला लटकू लागली. मावशींनी साखर मोजून दोन बादल्यांत घेतली, नऊ-नऊ किलो. एकीने बादलीत डोकावून म्हटलं, “जास्त वाटते का गं?”

“कागदावर आहे,” मावशी म्हणाल्या. “कम्प्युटरचा आहे कागद. तुझ्या-माझ्या अंदाजाचा नाही.”

सहाशे माणसांची खीर यांतल्या कुणीच केली नव्हती. कुणाच्याच हाताला तो अंदाज नव्हता.

तेवढ्यात वहीवाल्या काकू आल्या, स्वारगेटवरून थेट, पिशव्यांसकट. जय भीम झालं, नातवाचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मावशींनी गावाकडचे शेंगदाणे किलोभर मागवले होते. काटा समोरच होता, म्हणून काकूंनी पिशवी त्यावर ठेवली.

“हे बघ, एक पन्नास. वरचे पन्नास ग्रॅम तुझ्या नातीला,” त्या म्हणाल्या. मग पर्समधलं पेन काढून पिशवीवर वजन लिहिलं, जणू दुकानच लावलं होतं. “सवय झालीय बाई, काही ठेवलं की लिहायचं.”

मी काट्याच्या बाजूलाच उभी होते. काट्यावर १.०५० होतं. पिशवीवर काकूंनी लिहिलं होतं १.५०.

मी आधी काट्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा काट्याकडे. एक किलो पन्नास ग्रॅम. एक पन्नास. एक, टिंब, पन्नास. त्यांच्यासाठी ते टिंब दशांशाचं नव्हतंच. ते किलो आणि ग्रॅम यांच्यामधलं कुंपण होतं. मधलं शून्य बोलताना गळत होतं आणि मग लिहितानाही गळत होतं.

 मी सोबत आणून ओट्यावर ठेवलेली वही ओढली. खिरीच्या पानावर साखर आणि खवा एकाच हस्ताक्षरात होते, आणि पिशवीवरच्या ‘१’ या आकड्याचा वाकडा शेंडा इथेही तसाच्या तसा होता. पण एका ओळीवर विश्वास कसा ठेवायचा? मी मागची पानं उलटली. उपम्याचा रवा ‘३.५००’. भाताचे तांदूळ ‘४.७५०’. खिचडीची डाळ ‘२.२५०’. जिथे जिथे काकूंना अर्धा, पाव, पाऊण किलो म्हणायचं होतं, तिथे टिंबानंतर तीन आकडे होते, कारण पाचशे ग्रॅम म्हणजे पाचशेच लिहायचे. खुद्द खिरीच्या पानावर खवा ‘०.५००’ होता. दोनच आकडे असलेल्या ओळी थोड्या होत्या: फोडणीचं तेल ‘१.८०’, मीठ ‘०.९०’. एका पातेल्यात नऊशे ग्रॅम मीठ कुणी घालत नाही. ते नव्वद ग्रॅम होतं.

म्हणजे दीड किलो साखर हवी असती, तर त्यांनी ‘१.५००’ लिहिलं असतं. साखर होती १.०५. बाराने गुणलं की १२.६. आणि बादल्यांत होती अठरा, पाच किलो चारशे ग्रॅम जास्त.

मला अगदी नीट आठवतंय की त्या क्षणी भीतीच्या आधी आनंद आला. मला ते सापडलं होतं! वहीतली प्रत्येक ओळ आता सरळ उभी होती. सगळी पानं मी घडाघडा वाचू शकले असते. ओरडावंसं वाटत होतं आणि मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

मग भीती आली. चूक काकूंची नव्हती. त्या वर्षानुवर्षं आपल्या वहीतून आपलीच खीर करत होत्या आणि ती कधी बिघडली नव्हती. चूक त्या खांबावरच्या कागदावर होती आणि कागद माझा होता. शेडमध्ये आता वीस-पंचवीस माणसं होती. समितीतले दोघे हाताची घडी घालून कडेला उभे होते, दूध करपतंय का ते बघत. आई घाम पुसत दुसऱ्या पातेल्यात उलथणं फिरवत होती. तिला खुणेने बोलवावं, कानात सांगावं, तिने सगळ्यांना सांगावं, हा माझा नेहमीचा रस्ता. पण पहिल्या पातेल्याशी मावशींनी बादली उचलून काठावर टेकवली होती. खाली पंचेचाळीस लिटर दूध रटरटत होतं. एकदा पडलेली साखर कुणाला काढता येत नाही.

“घालू का गं?” मावशींनी आईला विचारलं.

“घाला,” आई म्हणाली.

मी वही छातीशी धरून दोन पातेल्यांच्या मधे गेले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, पण कुंपणावरची मुलंसुद्धा गप्प झाली एवढा तो मोठा होता.

“मावशी, थांबा! अठरा नाही, माझ्या कागदात चूक झालीय. दोन्ही पातेल्यांत मिळून साडेबारा किलो, आणि वर शंभर ग्रॅम.”