फळ्यावरून पुसलेली ओळ

भाईंदरजवळच्या राई गावाच्या नाक्यावर, किराणा दुकानाच्या भिंतीला लागून, चार फूट बाय तीन फुटांचा एक काळा फळा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची चार वर्षे त्या फळ्यावर मी सरकारी सूचना सोप्या मराठीत लिहीत असे. मी नगरपालिकेत कारकून होतो. राहायला भाईंदर पूर्वेला, शिकवायला राईला. प्रौढांच्या साक्षरता वर्गावर स्वयंसेवक हवे होते, मी नाव दिले. त्यात फार मोठा हेतू नव्हता. पत्नी वारली होती आणि शनिवार-रविवारच्या दुपारी मोकळ्या होत्या.

वर्गात बायकाच अधिक. मासळी विकून परतलेल्या, भातशेतीच्या, काही मिठागरावर राबलेल्या. सहा महिन्यांत त्यांना अक्षरे लागली, पण बाहेर वाचण्यासारखे काही नव्हते. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, नाहीतर इंग्रजीत. आमच्या कार्यालयातून निघणाऱ्या सूचना मराठीत असत, पण त्या मराठीत माणसाला शिरायला जागा नसे. म्हणून फळा उभा केला.

पहिल्या सूचनेत मी लिहिले होते, ‘मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील.’ वर्गातली एक विधवा बाई फळ्यासमोर उभी राहिली. साठीच्या आसपासची, मासळी विकणारी, उन्हाने काळवंडलेली, मूलबाळ नसलेली. तिने एकेक अक्षर मोठ्याने लावले आणि माझ्याकडे वळली.

“मास्तर, यो खंडित कोन? नवा साहेब हाय काय?”

बायका हसल्या. मी शिक्षक नव्हतो, तरी सगळ्या मला मास्तरच म्हणत. त्यांच्या बोलीत वडीलधाऱ्यालाही एकेरी हाक असते, त्याची सवय व्हायला मला वेळ लागला.

“पाणी येणार नाही, असा अर्थ आहे, मावशी.”

“मंग तसा ल्ही ना. खडू तुझा, हात पन तुझाच.”

मी पुसले आणि लिहिले :

उद्या पाणी येणार नाही.
आज भरून ठेवा.

तिथून पुढे काही नियम ठरत गेले. एका ओळीत एकच वाक्य. वाक्य पाच-सहा शब्दांचे, आणि ते ओळीच्या मध्येच तुटू द्यायचे नाही, कारण नवा वाचणारा ओळ संपली की बोलणे संपले असे धरतो. दिवस आधी, कारण नंतर, आणि बहुधा कारण नकोच. जोडाक्षरे शक्यतो टाळायची. अक्षर वीतभर उंचीचे. फळ्यावर पाचच ओळी मावत. त्याहून जास्त असेल तर वाचणारा तिसऱ्या ओळीपाशी दमतो आणि समजल्यासारखी मान हलवून निघून जातो. चौथा नियम की पाचवा, आता आठवत नाही, पण सर्वांत महत्त्वाचा तो होता : लिहून झाले की एकीला वाचायला लावायचे आणि विचारायचे, “आता तुम्ही काय करणार?” ‘समजले का’ असे विचारायचे नाही. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. जिथे ती अडेल तो शब्द बदलायचा किंवा काढायचा.

ही परीक्षा बहुधा त्याच बाईकडे जाई. ती अडली की लाजत नसे. उलट मलाच ओशाळे व्हायला लावी. ‘उपस्थित राहावे’ या शब्दांवर तिने विचारले होते, “राहायला बोलावतोस काय? जेवान पन हाय?” त्या दिवसापासून मी ‘या’ लिहू लागलो.

मग जमिनींचे दिवस आले. राई आणि शेजारच्या मुर्धा गावाच्या शेतांवर बांधकामवाल्यांच्या गाड्या फिरू लागल्या. ज्या जमिनींवर मेलेल्या माणसांची नावे होती, तिथे वारसांची नावे घाईने चढू लागली. तलाठी अशी नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो आणि पंधरा दिवस हरकतींची वाट पाहतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद कायम करतो. हरकत तोंडी सांगितली तरी चालते. तलाठ्याने ती वहीत लिहून घ्यायची आणि सांगणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची, असा कायदा आहे. हे मला पाठ होते.

एका शनिवारी मी फळ्यावर लिहिले :

चावडीवर जमिनीची यादी लागली.
जाऊन वाचा.
तुमचे नाव नसेल तर तलाठ्याला सांगा.
पंधरा दिवसांच्या आत सांगा.
पोच घ्या.

तिसरी ओळ लांब झाली होती, पण ती बाई तिथे अडली नाही. शेवटच्या ओळीवर अडली.

“पोच? कुठं पोचायचं?”

“पोच म्हणजे पावतीसारखं असतं, मावशी. हरकत मिळाली असं तलाठी लिहून देतो.”

“मंग तो दिल ना. मी कशाला मागू?”

तिचे म्हणणे मला पटले. देणे हे त्याचे काम होते. मी वीस वर्षे कारकुनी केलेली, जे नियमात आहे ते होते असे मानणारा. शिवाय शब्द अडला होता आणि तो काढायचा हा आमचा रिवाज होता. दुसरा शब्द मी शोधला नाही. मागे बायका खोळंबल्या होत्या. मी फडक्याने शेवटची ओळ पुसली. चार ओळी राहिल्या. चांगल्या दिसत होत्या.

सोमवारी ती चावडीवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी गेली. यादीत तिच्या नवऱ्याचे नाव होते. ते नाव तिने कधी तोंडाने घेतले नव्हते. त्यावर तिने नुसते बोट ठेवले. खाली वारस म्हणून धाकट्या दिराचे नाव होते, त्याच्या दोन मुलांची होती. तिचे नव्हते.

पुढच्या शनिवारी तिने हे मला सांगितले तेव्हा ती रागावलेली होती, पण त्या रागात ताठा होता.

“माझी मीच वाचली यादी. तलाठ्याला बोल्ले, मी काय मेली काय? मरद माझा, शेत माझा, आनि मी न्हाय?”

“मग तो काय म्हणाला?”

“बोल्ला, बरं, बगतो. ल्हितो.”

मी तिला शाबासकी दिली. क्वचितच देत असे. पोच मिळाली का, हे मी विचारले नाही. मला ते सुचलेच नाही, असे म्हणणे सोपे आहे. खरे असे की तिची गोष्ट मला माझ्या फळ्याचे यश वाटली आणि ऐकण्यातच मी रमलो.

दोन महिन्यांनी तिच्या शेतात मातीचे ट्रक आले.

ती नाक्यावर आली ती रिकाम्या हाताने. नेहमीची मासळीची पाटी नव्हती. मी फळ्यावर लसीकरणाची तारीख लिहीत होतो.

“नोंद झाली. दिरानं शेत दिलं बिल्डरला. तलाठी बोलतो, तू कवा आल्तीस? वहीत न्हाय. कागद हाय तुझ्याकडं?”

मी खडू खाली ठेवला.

“तू ती ओळ पुसलीस,” ती म्हणाली.

“तुम्हाला शब्द कळला नव्हता, मावशी.”

“शब्द नव्हता कळला. ‘कागद घे’ असं ल्हिलं असतंस तर कळलं असतं.”

दोन शब्द. दोन्ही तिच्या रोजच्या तोंडातले. मला त्या दिवशी सुचले नव्हते, कारण मी शोधलेच नव्हते.

प्रांतसाहेबांकडे अपील करता येत होते. मुदत संपायला अकरा दिवस होते. अर्ज मी लिहिला, तिने खाली सही केली. अंगठा लावायचे दिवस संपले होते. सही करताना तिने जीभ दातांत धरली होती, ती तशी नेहमीच धरी. अर्जासोबत मी माझे निवेदन जोडले : सदर बाईंनी हरकत घेतल्याचे मला त्याच आठवड्यात सांगितले होते. वरिष्ठांनी मला बोलावून विचारले, दुसऱ्या खात्याच्या भानगडीत कशाला पडता? मी सांगितले, पडलो आहे. त्यानंतर माझी बदली कचरा विभागात झाली. त्याचे मला वाईट वाटले नाही.

ठाण्याला आम्ही एसटीने तीन वेळा गेलो. दोन वेळा तारीख पडली. तिसऱ्या वेळी प्रांतसाहेब होते. दीर वकील घेऊन आला होता. वहिनीला सांभाळायला मी आहेच, नाव कशाला हवे, असे तो म्हणाला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

साहेबांनी मला विचारले, “यांनी तलाठ्याकडे हरकत घेतली तेव्हा आपण चावडीत हजर होता?”

“नाही.”

“हरकतीची पोच आपण पाहिली?”

“नाही.”

“मग आपल्याला माहीत काय आहे?”

मी म्हणालो, “पोच मागून घ्यायची हे यांना ठाऊक नव्हते. ते सांगणे माझे काम होते. मी सांगितले नाही.”

साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिले. ते माझ्या बोलण्याबद्दल नसावे.

महिन्याभराने निकालाची प्रत आली. प्रत घेऊन ती वर्गावर आली. बायका यायच्या होत्या, आम्ही दोघेच होतो. बाकावर बसून तिने कागद गुडघ्यावर सपाट केला आणि बोट ठेवून वाचायला लागली. पहिलेच वाक्य अकरा ओळींचे होते. अपीलकर्ती, प्रतिवादी, अभिलेख, विहित मुदत, पुराव्याअभावी, दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची मुभा. तिने चार ओळी लावल्या. एकही अक्षर चुकली नाही. मग थांबली. ओळ संपली तरी बोलणे संपत नव्हते. कागद तिने माझ्यापुढे केला.

“मास्तर, यो सोपा करून सांग.”

मी पूर्ण निकाल वाचला. दोनदा वाचला. मला एखादा मधला शब्द हवा होता, जरा लांबचा, ज्याच्या आड थोडा वेळ उभे राहता आले असते. तसे शब्द त्या कागदावर पुष्कळ होते.

“शेत गेलं, मावशी,” मी म्हणालो.

“कोर्टात जायचं ल्हिलंय काय?”

“लिहिलं आहे. दहा-बारा वर्षं लागतील. तोवर तिथे इमारत उभी असेल.”

तिने मान हलवली. ‘समजले’ म्हणून बायका हलवीत तशी नव्हे. कागदाची घडी केली आणि कनवटीला खोचली.

“आता तुम्ही काय करणार?” मी विचारले. सवयीने तोंडातून गेले.

“बाजारात जानार,” ती म्हणाली. “बोंबील सुकलंय, इकायचं हाय.”

ती उठली. दारात बायका जमू लागल्या होत्या, त्यांना वाट देत ती बाहेर पडली. मी वर्ग घेतला.