कार्ड नाही, तर बाबाही नाही

चित्रकलेच्या बाईंना सगळी वस्ती ठिपकेबाई म्हणे, कारण त्यांचा एकही कपडा रंगाच्या शिंतोड्यांतून सुटलेला नव्हता. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खोड्या काही निवृत्त झाल्या नव्हत्या. दर उन्हाळ्यात त्या सभागृहात मुलांचं चित्रशिबिर घेत, आणि त्या तीन आठवड्यांवर उरलेलं वर्ष काढत. हे त्या कोणाला सांगत नसत, पण खरं तेच होतं.

यंदा सभागृहाच्या व्यवस्थापकाने पाचर मारली. रविवार संध्याकाळपर्यंत तीस प्रवेश झाले तर ठीक, नाहीतर जागा नाचाच्या वर्गाला. शनिवारी रात्री बाईंकडे अकरा अर्ज होते.

पत्रक सुनेने केलं होतं. पाच ते सात, आठ ते दहा आणि अकरा ते चौदा असे तीन गट. फी अठराशे, दोन हजार आणि बावीसशे, साहित्य त्यातच. भावंडांना दहा टक्के सूट, पहिल्या दोन दिवसांत मूल रमलं नाही तर पैसे परत. खाली सुरक्षेचे नियम: आठ मुलांमागे एक ताई, बोथट टोकाच्या कात्र्या, ॲलर्जीची नोंद अर्जातच, पालकांच्या संमतीशिवाय फोटो नाही, आणि क्रमांकाचं कार्ड दाखवल्याशिवाय मूल कोणाच्याही हाती नाही.

"एवढं वाचून पालक घाबरतील गं," बाई म्हणाल्या होत्या.

"न वाचता जास्त घाबरतात, आई," सून म्हणाली.

रविवारी पालक आले. मुलं शेजारच्या खोलीत तासभर फुकट नमुना वर्गाला बसली, बाईंच्या मदतनीस मावशींनी दारातच पालकांचे दोन-दोन नंबर वहीत लिहून घेऊन त्यांना कार्डं दिली, आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. रंग पोटात गेला तर? जिन्याला कठडा आहे का? लहान गटात मोठी मुलं मिसळणार नाहीत ना? बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली, रंगाच्या डबीवरची तपासणीची खूणसुद्धा दाखवली.

"कागदावर सगळेच लिहितात हो," गृहस्थ म्हणाले. "प्रत्यक्षात कोण पाळतं?"

मागच्या रांगांत माना डोलल्या. दोन जोडपी तर उठायच्या बेतात होती. शिबिर हातचं चाललं होतं.

तेवढ्यात गृहस्थ कठडा स्वतः हलवून बघायला गेले, आणि त्यांचं कार्ड खुर्चीवर राहिलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते पत्रकांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. पाप आहे हे त्यांना कळत होतं. मजा येतेय, हेही कळत होतं.

वर्ग सुटला. गृहस्थ दाराशी गेले, खिसे चाचपले.

"कार्ड?" दारावरच्या मावशींनी विचारलं. बाईंचा हा उद्योग त्यांना ठाऊक नव्हता.

"होतं हो. ती बघा, माझी मुलगी."

"बाबा!" आतून मुलगी ओरडली.

"ऐका! मला बाबा म्हणतेय ती!"

"खाऊ दिला तर मलाही आजी म्हणेल," मावशी म्हणाल्या. "कार्ड नाही, तर वहीतल्या दुसऱ्या नंबरला फोन. नियम आहे."

सगळे पालक थांबून बघू लागले. बाईंनी मुलीच्या आईला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"चष्मा आहे ना? प्रश्न विचारतायत?" आई म्हणाली. "मग तेच. पण घाई नाही हं, बसवा हवं तर अजून अर्धा तास."

हास्याचा स्फोट झाला. मावशींनी त्यांचं ओळखपत्र पाहिलं, वहीत सही घेतली, आणि मगच मुलगी सोडली. उठायच्या बेतातली जोडपी थेट टेबलाशी आली. एका आजोबांनी तर दोन नातवंडं एकदम घातली आणि सूट वसूल केली. बाई मोजत होत्या. एकोणतीसवर रांग संपली.

शेवटी चष्मेवाले आले. भरलेला अर्ज आणि दोन हजार टेबलावर ठेवले, वाकले, आणि हळूच म्हणाले, "बाई, कार्ड त्या गठ्ठ्याखाली आहे. तुम्ही सरकवताना मी जिन्यातून पाहिलं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हा माणूस आता एक शब्द मोठ्याने बोलला असता, तर तीसच्या तीस अर्ज परत गेले असते.

"मग... बोलला का नाहीत?"

"मावशी पाळतात का, ते मलाही बघायचंच होतं. त्या पाळतात." त्यांनी पावतीसाठी हात पुढे केला. "माझी मुलगी मी त्यांच्या भरवशावर ठेवतोय. तुमच्या नाही."

बाईंनी मान खाली घालून पावती फाडली, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मावशींना पगार वाढवून द्यायचं ठरवलं.