गोळ्याला लांबी नसते

लुंबिनी सोनसळेला एकच गोष्ट रोज नव्याने सांगावी लागते आणि रोज नव्याने ती कुणाला पटत नाही. लातूरच्या एमआयडीसीत, उसाच्या कारखान्यांना आणि दूध डेअऱ्यांना दाबाच्या टाक्या बनवून देणाऱ्या एका शेडमध्ये ती डिझाइन बघते. शेडला पाठ लावून एक काचेची खोली आहे. काचेवर ग्राइंडरची धूळ बसते. ती पुसते, दुपारपर्यंत पुन्हा बसते. धूळ आणि मालक, दोघांचा स्वभाव एकच, असं ती आईला फोनवर सांगते. आई बिलोलीला एकटी असते. तिच्यासाठीच लुंबिनी चाकणची नोकरी सोडून इकडे आली. दर शनिवारी लातूरहून बिलोलीला जाता येतं, चाकणहून येत नव्हतं. लातुरात टाक्यांची डिझाइन करायला बाईला घेणारी ही एकच शेड तिला सापडली. ही नोकरी गेली, तर पुन्हा चाकण आणि पुन्हा आई एकटी.

मालक शेषेराव. निलंग्याकडच्या शेतकरी घरातला माणूस, जुन्या गॅस वेल्डिंगपासून इथवर आलेला. खूश असले की तिला लुंबिनी म्हणतात, चिडले की म्याडम.

गेल्या वर्षी चहा घेताना तिने त्यांना सहज सांगितलं होतं की त्याच व्यासाची आणि त्याच दाबाची टाकी गोलाकार केली, तर सिलिंडरच्या निम्मी जाडी पुरते. आतला दाब सिलिंडरला लांबीच्या बाजूने उभा चिरायला बघतो, तेव्हा जेवढा ताण येतो त्याच्या निम्मा ताण त्याला आडवा तोडताना येतो. गोळ्याला मात्र कुठूनही मधोमध कापा, सगळीकडे तो निम्माच ताण. पुढचं वाक्यही ती बोलली होती, "पण सांधा तेवढाच चांगला असला तर." त्या वाक्यापर्यंत शेषेरावांचा चहा संपला होता.

मग ती मावसबहिणीच्या लग्नाला बिलोलीला गेली. परत आली तेव्हा शेडमध्ये संत्र्याच्या फोडींसारख्या वाकवलेल्या प्लेटा रचून ठेवलेल्या होत्या. त्यांना पाकळ्या म्हणतात. त्या उभ्या जोडायच्या, खाली-वर एकेक टोपी बसवायची, की गोळा झाला. नांदेडजवळच्या एका बायोगॅस प्लँटची ऑर्डर. व्यास दोन हजार तीनशे मिलिमीटर, दाब दहा बार. प्लेट सहा मिलिमीटर.

"ही जाडी कुणी काढली?"

"मी," शेषेराव म्हणाले. "एवढ्याच मापाचा आपला सिलिंडर बारा एमेमचा हाय. बाराचे निम्मे सहा. तूच म्हणली होतीस ना? हैदराबादहून दाबून बी आणल्या."

लुंबिनी खुर्चीत बसली. तिचंच अर्धं वाक्य लोखंड होऊन समोर पडलं होतं.

तिने कागद ओढला. दाब गुणिले व्यास, भागिले चार गुणिले प्लेटवर येऊ द्यायचा ताण. ताण चौरस मिलिमीटरला एकशेवीस न्यूटन. उत्तर चार पूर्णांक एकोणऐंशी. गंजासाठी एक मिलिमीटर वर. पाच पूर्णांक एकोणऐंशी. सहा एमेम पुरते.

"झालं की मग," शेषेराव म्हणाले.

"झालं नाही. ह्यात मी सांधा शंभर टक्के धरलाय. म्हणजे वेल्डिंग प्लेटीइतकंच भक्कम. तसं धरायचं तर पूर्ण एक्स-रे पाहिजे. एक्स-रे न काढलेला सांधा सत्तर टक्केच धरायचा, आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही म्हणून. त्या सत्तरनं भागलं की सहा पूर्णांक पंच्याऐंशी. गंजाचा एक. सात पूर्णांक पंच्याऐंशी. तुम्हाला आठची प्लेट लागली असती."

"सिलिंडरला कधी एवढं केलं का?"

"केलं. म्हणून तर बारा पुरली. त्याच्या लांबीच्या सांध्याचा पूर्ण एक्स-रे काढतो आपण."

"मग ह्याच्या बी लांबीच्या सांध्याचा काढू. कोण नको म्हणतंय?"

इथे तिला पहिल्यांदा घाबरायला झालं, कारण मालक मनापासून बोलत होते.

ह्या शेडची एक जुनी रीत आहे. सिलिंडरचा लांबीचा सांधा मलप्पाच मारतो. मलप्पा देगलूरकडचा, घरी कन्नड, शेडमध्ये मराठी आणि वेल्डिंग करताना मौन. घेराचे सांधे मात्र बाकीची पोरं मारतात आणि त्यांचा एक्स-रे निघत नाही. रीत चूक नाही. घेराच्या सांध्यावर ताणच निम्मा येतो. तो सत्तर टक्क्यांचा धरला तरी सिलिंडरला काही होत नाही. पण रीत वीस वर्षं चालली की लोक तिच्यामागचं कारण विसरतात, आणि नुसती रीत उरते.

चार दिवसांनी ती शेडमध्ये गेली, तेव्हा गोळ्याचा सांगाडा उभा राहत होता. पाकळ्यांवर खडूने खुणा झाल्या होत्या. वरून खाली जाणाऱ्या सांध्यांपाशी 'मलप्पा'. टोप्यांच्या गोल सांध्यांपाशी 'पोरं'.

"मलप्पाकाका, हे काय?"

"लांबीचे माझे, अक्का. घेराचे त्यांचे. नेहमीसारखं."

"ह्याला लांबी कुठाय?"

मलप्पाने गोळ्याच्या सांगाड्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू लांबी तिथेच कुठेतरी ठेवली होती. "हे काय, उभं दिसतंय की."

त्याच्या डब्याशेजारी मोसंबी होती. तिने उचलली, खडूने तिच्यावर उभ्या रेघा मारल्या आणि देठाभोवती एक वर्तुळ काढलं. "ह्या तुमच्या लांबीच्या. हे घेराचं. बरोबर?" मग मोसंबी कुशीवर वळवली. "आता सांगा. ही तुमची उभी रेघ होती, ती आता कमरेचा घेर झाली. आतल्या गॅसला माहीत आहे का टाकीचं डोकं कुठंय? तो सगळीकडे सारखाच ढकलतो. गोळ्यात कमी ताणाचा सांधा नाहीच. एक जरी सत्तरचा राहिला, तरी अख्खा गोळा सत्तरचा."

मलप्पाने मोसंबी हातात घेऊन फिरवली. "म्हणजे टोप्या बी मीच माराव्या?"

"माराव्या. आणि एक्स-रे सगळ्यांचा."

"मालक ऐकतील?"

"तुम्ही ऐकलंत ना."

"मी मोसंबी ऐकली," मलप्पा म्हणाला आणि ती सोलून खाऊ लागला.

शेषेरावांनी ऐकलं नाही. प्लँटचे इंजिनिअर अमरनाथ नांदेडहून आकडेमोडीचा कागद मागत होते. त्याच्यावर सही लुंबिनीची.

"सांध्याच्या रकान्यात एक लिहा, म्याडम. एक म्हणजे शंभर टक्के, सिलिंडरला लिहिता तसं."

"सिलिंडरला एक खरा असतो."

"उभ्या सांध्यांचा एक्स-रे होणारच हाय ना. खोटं कुठं सांगून राहिलो आपण? आडव्यासाठी कोण बघतंय?"

"आडवं नाही आहे त्यात, मालक! आडवं नाही!" आवाज काचेबाहेर गेला. ग्राइंडर थांबला. तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला.

"हे बघा म्याडम, टाकी वेळेत जायची हाय. तुम्हाला सही करायची नसंल तर करणारा लातुरात सापडंल."

सापडला असता, हे तिलाही माहीत होतं. ती टेबलाशी बसून राहिली. काचेपलीकडे अर्धा जोडलेला गोळा उभा होता, वरची टोपी नसलेला, आत अंधार. बिलोलीच्या घरात आई एका खोलीत दिवा लावून बाकीच्या खोल्या अंधारात ठेवते, ते तिला आठवलं. आणि नांदेडच्या त्या प्लँटवर ह्या गोळ्याच्या शेजारी जेवणाचा डबा उघडून बसणारं कोणीतरी डोळ्यांपुढे आलं, जे तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

तिने रकान्यात सत्तर टक्के लिहिलं. लागणारी जाडी सात पूर्णांक पंच्याऐंशी. असलेली सहा. शेरा: दहा बारला अपुरी. सही केली आणि कागद शेषेरावांपुढे ठेवला.

"हा पाठवा. नाहीतर दुसऱ्याची सही घ्या."

ते वाचून लाल झाले. "आठच्या प्लेटा आता आणू? पाकळ्या भंगारात घालू?"

"नका घालू. एक्स-रेची माणसं तुम्ही बोलावलेलीच आहेत ना?"

"हाव. उभ्यांसाठी."

"ते गोळ्याबाहेरून एकेक सांधा घेत बसणार. त्यापेक्षा बाहेर सगळ्या सांध्यांवर फिल्म चिकटवायची आणि किरणांचा स्रोत वरच्या टोपीतल्या तोंडातून आत सोडून गोळ्याच्या मधोमध टांगायचा. मधून सगळे सांधे सारख्याच अंतरावर आहेत. एकाच दमात सगळ्यांचा फोटो निघतो. फिल्म थोड्या जास्त, फेरी तीच. मग मी एक लिहिते. तुमची सहा एमेम पास."

शेषेरावांनी काचेतून गोळ्याकडे पाहिलं. "सगळ्यांचा एकदम?"

"एकदम. गोळा आहे म्हणून. सिलिंडर असता तर जमलं नसतं."

"आधी का न्हाई सांगितलंस?"

लुंबिनीने सही केलेला कागद परत उचलला. काही प्रश्नांना उत्तर दिलं की ते पुन्हा विचारले जातात.

रविवारी शेड रिकामी केली, लांबवर दोरी बांधली आणि एक्स-रेची माणसं सोडून सगळे दोरीबाहेर कडुलिंबाखाली बसले. संध्याकाळी फिल्म उजेडावर धरून बघितल्या. पाकळ्यांचे सांधे स्वच्छ. वरच्या टोपीचा सांधा स्वच्छ, तो मलप्पाने मारला होता. खालच्या टोपीचा सांधा पोरांनी मोसंबीच्या आदल्या दिवशीच मारून टाकला होता. त्याच्या फिल्मवर एक काळी सरळ रेघ होती, वितीएवढी. वेल्डिंग आतपर्यंत पोचलंच नव्हतं.

शेषेरावांनी फिल्म हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. रेघ तिथेच होती. मलप्पाने तेवढा भाग कोरून काढला, पुन्हा भरला. पुन्हा फिल्म निघाली. स्वच्छ.

मग तिने नवा कागद केला. रकान्यात एक. लागणारी जाडी पाच पूर्णांक एकोणऐंशी. वाकवताना प्लेट जिथे सगळ्यात पातळ झाली होती तिथे पाच पूर्णांक नव्वद भरली. सही.

तपासणीच्या दिवशी अमरनाथ नांदेडहून आले. गोळ्यात पाणी भरून दाब मुद्दाम दहाच्या वर, तेरा बारपर्यंत चढवला आणि धरून ठेवला. काटा हलला नाही. एकही सांधा पाझरला नाही.

"सहा एमेममध्ये कसं बसवलं हो?" अमरनाथांनी कौतुकाने विचारलं.

शेषेरावांनी ओल्या गोळ्यावर हात ठेवला. "सोपं हाय, साहेब. बाराचे निम्मे. गोळ्याला निम्मी पुरते, मी आधीपासून म्हणून राहिलो. का लुंबिनी?"

लुंबिनी उत्तर द्यायला तोंड उघडणार होती. वाक्य तयार होतं, त्याचा दुसरा अर्धा भागही तयार होता. पण मालकांचं म्हणणं ह्या गोळ्यापुरतं आता खरं होतं, आणि ते तिनेच खरं करून दिलं होतं. तिने मलप्पाकडे पाहिलं. तो गोळ्यावरच्या जुन्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसत होता. 'मलप्पा' पुसलं, 'पोरं' पुसलं.

"सांधा चांगला असला तर," ती म्हणाली.

शेषेराव तोवर अमरनाथांना चहाला घेऊन गेले होते.